अ‍ॅनिमेशनमधलं 'ऐंशी-वीस' आणि आमचं खरं बिल

पहिल्यांदाच आरोग्य विमा घेणाऱ्यांना 'सोप्या भाषेत' समजावणारा एक अ‍ॅनिमेशन व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवरून आमच्या फोंड्यात अजून पाठवला जातो आहे. गेल्याच आठवड्यात माझ्या मावसभावाला आला, म्हणून हे लिहायला बसलो. त्याच व्हिडिओच्या भरवशावर बाबांची पाच लाखांची पॉलिसी आम्हाला विकली गेली होती. बाबा तेव्हा सहासष्ट वर्षांचे होते.

व्हिडिओ असा आहे. चष्मा घातलेले एक आजोबा आहेत. त्यांच्या पॉलिसीला मोठं कुलूप. कॅलेंडरची पानं भराभर उलटतात, तिसावा दिवस येतो, कुलूप गळून पडतं आणि खाली 'वेटिंग पीरियड संपला' असं येतं, म्हणजे दाव्याचे पैसे मिळत नाहीत ती सुरुवातीची मुदत संपली. मग आजोबा हॉस्पिटलात जातात. बिल येतं एक लाखाचं, सलग एकच आकडा. त्या आकड्याची पट्टी दोन रंगांत फाटते: कंपनीचे ऐंशी हजार, आजोबांचे वीस हजार. हे झालं वीस टक्के को-पेमेंट. विकणारा म्हणाला, "काका, ह्याच्यापेक्षा वेगळं काहीच नाही." बाबांनी सही केली.

पावसाळ्यात, चवथीच्या तोंडावर, बाबांना न्यूमोनिया झाला. मडगावच्या एका खाजगी हॉस्पिटलात सहा दिवस ठेवलं. बिल दीड लाख. व्हिडिओच्या हिशोबाने आमचा वाटा तीस हजार. प्रत्यक्षात भरावे लागले अठ्ठावन्न हजार. हे कसं झालं ते नीट सांगतो, कारण खरी फसवणूक इथेच आहे.

पॉलिसीत खोलीभाड्याला विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला पाच हजारांची मर्यादा होती. मिळालेली खोली साडेसात हजारांची. त्यामुळे सहा दिवसांच्या पंचेचाळीस हजार भाड्यातले तीस हजारच धरले गेले. एवढ्यावर थांबलं असतं तर समजू शकलो असतो. पण खोली मर्यादेच्या दीडपट घेतली, तर डॉक्टरांच्या भेटी वगैरे खोलीशी जोडलेला खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो. असा खर्च तीस हजार होता, त्यातले दोन तृतीयांश म्हणजे वीस हजार मान्य झाले. औषधं आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही, ते पासष्ट हजार पूर्ण धरले. हातमोजे, नोंदणी फी अशा किरकोळ वस्तूंचे दहा हजार सरळ बाद. आता बेरीज करा: तीस, वीस आणि पासष्ट मिळून एक लाख पंधरा हजार. ही झाली मान्य रक्कम. वीस टक्के को-पेमेंट लागलं ते ह्या रकमेवर, म्हणजे तेवीस हजार. कंपनीने दिले ब्याण्णव हजार.

म्हणजे को-पेमेंटचा आकडा उलट व्हिडिओपेक्षा कमीच आला, आणि तरी खिशातून गेले जवळजवळ दुप्पट. को-पेमेंट ही सगळ्यात शेवटची पायरी आहे. तिच्या आधीच्या कपाती शंभर टक्के आपल्याच. व्हिडिओतलं बिल एकाच आकड्याचं ठेवलं आहे ते ह्यासाठीच. त्यात खोली, डॉक्टर, औषधं अशा ओळी दाखवल्या असत्या तर ह्या पायऱ्याही दाखवाव्या लागल्या असत्या. (ज्या हॉस्पिटलात खोलीप्रमाणे डॉक्टरांचे दर बदलत नाहीत, तिथे ही प्रमाणातली कपात करता येत नाही. भरती होतानाच बिलिंग काउंटरवर विचारा.)

दुसरा घाव जानेवारीत बसला. बाबांना हर्नियाचं निदान झालं. पॉलिसी घेताना त्याचा मागमूस नव्हता, पॉलिसीला दहा महिने होऊन गेले होते, त्यामुळे आम्ही निर्धास्त. कॅशलेसचा अर्ज पूर्ण नामंजूर झाला. कुलूप एक नसतं, तीन असतात. पहिलं तीस दिवसांचं, अपघात सोडून सगळ्या आजारांना. दुसरं ठरावीक आजारांच्या यादीचं: हर्निया, मोतीबिंदू, गुडघा बदलणं अशी नावं त्यात असतात. आमच्या पॉलिसीत ते चोवीस महिन्यांचं निघालं. तिसरं आधीपासून असलेल्या आजारांचं, मधुमेह किंवा रक्तदाबासारख्या. एप्रिल 2024 पासूनच्या नियमांप्रमाणे दुसरं आणि तिसरं कुलूप जास्तीत जास्त छत्तीस महिन्यांचं असू शकतं. दुसऱ्या यादीची मेख अशी की आजार पॉलिसीनंतर नव्याने झाला तरी मुदत संपेपर्यंत पैसे मिळत नाहीत. आजार दोन्ही यादींत बसत असेल तर जी मुदत लांब ती लागू. बाबांची शस्त्रक्रिया शेवटी बांबोळीला सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात झाली.

तुमच्याकडे पॉलिसीची पीडीएफ असेल तर तीत हे तीन कोड शोधा. सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसीत ते सारखेच असतात: `Excl01` म्हणजे आधीचे आजार, `Excl02` म्हणजे ठरावीक आजारांची यादी, `Excl03` म्हणजे तीस दिवस. आमच्या व्हिडिओने फक्त तिसरा कोड दाखवला आणि त्यालाच अख्खा वेटिंग पीरियड म्हटलं.

पीडीएफ आधीच का वाचली नाही, असं काही नातेवाईकांनी विचारलं. ती आमच्यापर्यंत पोचलीच नव्हती. प्रस्ताव अर्जावर विकणाऱ्याने बाबांच्या नावापुढे स्वतःचा ई-मेल आणि स्वतःचाच दुसरा मोबाइल नंबर घातला होता. कंपनीचा पडताळणीचा फोन त्यालाच गेला, बाबांच्या वतीने 'हो हो' त्यानेच म्हटलं. दस्तऐवज हाती आल्यापासून तीस दिवसांत पॉलिसी परत करता येते. ही मुदतही कंपनीच्या दप्तरी त्याच्या इनबॉक्समध्येच संपली. हे मला सगळ्यात जास्त लागलं आहे. आकडेमोड चुकीची दाखवणं वेगळं, आणि म्हाताऱ्या माणसाचा परत फिरण्याचा रस्ता बुजवणं वेगळं.

तेव्हा अर्जाची भरलेली प्रत सही करण्याआधी हातात घ्या आणि नंबर, ई-मेल आपलाच आहे ना ते बघा. व्हिडिओऐवजी त्याच पॉलिसीची कस्टमर इन्फर्मेशन शीट मागा. वेटिंग पीरियड, को-पेमेंट आणि खोलीची मर्यादा तीत द्यावीच लागते, आणि ती मराठीतही मागता येते. मग विकणाऱ्यालाच सांगा: साडेसात हजारांची खोली, सहा दिवस, पाच ओळींचं बिल, ह्याचा हिशोब ह्या शीटप्रमाणे कागदावर करून द्या. आमच्याकडे आला होता त्याला हे मावसभावाने सांगितलं, तर तो "नंतर येतो" म्हणून गेला आणि फोन उचलायचा बंद झाला.

आमची तक्रार कंपनीकडे लेखी गेली. व्हिडिओ आमचा नाही, असं उत्तर आलं. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. गोवा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाखाली येतो. फी नाही, वकील लागत नाही. आम्ही अर्ज केला आहे, सोबत तो व्हिडिओ, तो पाठवल्याच्या तारखेसकट व्हॉट्सअ‍ॅपचं पूर्ण संभाषण आणि चुकीचा नंबर असलेला प्रस्ताव अर्ज जोडला आहे. ज्यांना असा व्हिडिओ आला असेल त्यांनी तो फोनमधून पुसू नका.