टॅरिफ आणि ड्युटी: नाशिकच्या कांद्यावरून पाहू

कस्टम्सच्या नोटिशीत ‘टॅरिफ’ म्हणजे प्रत्येक मालाचा क्रमांक, वर्णन, मोजमापाचे एकक आणि दर दाखवणारी सूची. ती १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्याला जोडलेली आहे; पहिली अनुसूची आयातीची, दुसरी निर्यातीची. ‘ड्युटी’ म्हणजे तुमच्या मालावर प्रत्यक्ष भरायची रक्कम.

लासलगाव-पिंपळगावचा कांदा घ्या. टॅरिफमधलं त्याचं शीर्षक ०७०३, ते बदललेलं नाही. निर्यातीवरची ड्युटी मात्र ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के झाली, सप्टेंबर २०२४ मध्ये २० वर आली आणि १ एप्रिल २०२५ पासून उठली. म्हणजे दहा लाखांच्या खेपेवर आधी चार लाख, मग दोन लाख, आता शून्य.

म्हणून नोटिशीत नुसता ‘टॅरिफ दर’ वाचून हिशेब मांडू नका. सवलतीची अधिसूचना असेल तर भरायचा दर त्याहून कमी असतो. आयातीत मूळ ड्युटीवर अधिभार आणि आयजीएसटीही चढतो. माझ्या मते आधी क्रमांक पक्का करावा, कारण तोच चुकला तर पुढची रक्कम बरोबर येऊच शकत नाही.

आणि ‘टॅरिफ मूल्य’ दिसलं तर सावध व्हा. तो दर नसतो. पाम तेल, सोनं अशा काही मालांसाठी सरकारने ठरवलेली ती किंमत असते, आणि ड्युटी तिच्यावरच मोजतात.