चहा सांडला कीबोर्डवर, बिल लावलं मदरबोर्डचं: नऊ हजार रुपयांना कसं गंडवतात ते वाचा

लॅपटॉपवर चहा, सरबत, काहीही सांडलंय, काही बटणं चुकीची अक्षरं उमटवतायत, काही मेलीयत, आणि दुकानदार सांगतोय की "आयओ गेलाय, मदरबोर्डचं काम आहे", तर खिशात हात घालायच्या आधी हे पूर्ण वाचा. माझ्या बहिणीकडून ९,००० रुपये काढले. मोजून सांगतो: आयओ रिपेअर ५,८००, कीबोर्ड १,९००, केमिकल वॉश ७००, डेटा बॅकअप ६००. खरं काम होतं ते फक्त कीबोर्ड बदलायचं.

लॅपटॉपवर दूध-साखरेचा चहा सांडला होता. स्क्रीन ठीक, चार्जिंग ठीक, पंखा चालू. पण एक बटण दाबलं की दोन अक्षरं यायची, काही बटणं अजिबात चालत नव्हती, आणि लॉगिनच्या पासवर्डच्या चौकटीत कोणी हात न लावता ठिपके भरत जायचे. भरतच जायचे. बरोबर पासवर्ड टाकायला जागाच मिळेना.

असं का होतं ते आधी समजून घ्या, कारण सगळी लबाडी इथेच दडलीय. लॅपटॉपच्या बहुतेक कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाला वेगळी वायर नसते. बटणांच्या खाली पातळ प्लास्टिकचे थर असतात, त्यांवर चालक शाईच्या बारीक रेषा छापलेल्या असतात, काही आडव्या, काही उभ्या. बटण दाबलं की एक आडवी आणि एक उभी रेषा एकमेकींना टेकतात आणि त्यावरून मदरबोर्डवरची चिप अक्षर ओळखते. या चिपलाच दुरुस्तीवाले आयओ म्हणतात. चहा थरांच्या मध्ये शिरला की दोन रेषांना जोडून टाकतो. मग एका बटणाबरोबर दुसरं अक्षर उमटतं, किंवा कोणीतरी बटण दाबून धरल्यासारखं एकच अक्षर येत राहतं. उलट, रेषा गंजून तुटली तर तिच्यावरची सगळी बटणं एकदम मरतात, आणि ती कीबोर्डवर शेजारी-शेजारी असतीलच असं नाही. त्यामुळे इकडचं एक, तिकडचं एक बंद पडलेलं दिसलं की माणूस घाबरतो आणि "बोर्ड गेलाय" हे त्याला लगेच पटतं.

मुंबईच्या हवेत याला आणखी एक फाटा आहे. वाळलेल्या चहातली साखर ओल धरते. एसीच्या खोलीत कीबोर्ड बरा वाटतो, पावसाळी दमट दिवशी पुन्हा वेड्यासारखा वागतो. दुकानदार म्हणतो, "बघा, कधी चालतं, कधी नाही, म्हणजे बोर्डच." साफ खोटं. येणारी-जाणारी तक्रार कीबोर्डमधल्या चिकट थरामुळेही होते.

आता तो क्षण. आठवला की अजून डोकं सणकतं.

स्टेशनजवळच्या त्या दुकानात त्याने आमच्या समोरच लॅपटॉप बंद करून मागचं झाकण काढलं, बॅटरीचा प्लग सोडवला, कीबोर्डची चपटी रिबन तिच्या खाचेतून काढली, बॅटरी परत जोडली, आणि बाहेरचा यूएसबी कीबोर्ड लावून लॅपटॉप सुरू केला. पासवर्डची चौकट आली. रिकामी. एकही ठिपका नाही. बहिणीने पासवर्ड टाकला आणि पहिल्या फटक्यात डेस्कटॉप उघडला. दुखणं कीबोर्डमध्ये आहे याचा पुरावा आमच्या डोळ्यांसमोर होता आणि तो त्यानेच करून दाखवला होता! त्यावर त्याचं वाक्य ऐका: "ताई, यूएसबीची लाइन वेगळी असते. आतल्या कीबोर्डची लाइन आयओमधून जाते. तो आयओ शॉर्ट आहे. नवीन कीबोर्ड लावला तर तोही जळेल."

यातली पहिली दोन वाक्यं खरी आहेत, म्हणूनच कोणीही फसेल. ज्याने आयुष्यात मदरबोर्ड उघडा पाहिलेला नाही, ज्याच्या लॅपटॉपमध्ये दोन वर्षांच्या नोट्स आहेत आणि ज्याला सोमवारी वर्ग घ्यायचा आहे, त्याने तिथे उभं राहून काय ताडायचं? खोट्याच्या आधी दोन खरी वाक्यं पेरणाऱ्याला ओळखणं सोपं नसतं. पण पुरावा काय सांगत होता ते वाचा. आयओचे पाय किंवा बोर्डवरच्या रेषा शॉर्ट असत्या, तर रिबन काढल्यावरही ठिपके भरतच राहिले असते. रिबन काढली आणि ठिपके थांबले, म्हणजे बिघाड रिबनच्या पलीकडे, कीबोर्डच्या पत्र्यात. शिवाय बहुतेक लॅपटॉपमध्ये तीच चिप पॉवर बटण, चार्जिंग आणि पंखासुद्धा सांभाळते. हे तिन्ही व्यवस्थित चालत असताना "आयओ गेला" म्हणणाऱ्याला पुरावा मागा.

या चाचणीची मर्यादाही सांगतो, नाहीतर उद्या तुम्हीच एखाद्या प्रामाणिक माणसाशी भांडाल. आपोआप अक्षरं येत असतील किंवा एका बटणाला दोन उमटत असतील, तेव्हाच रिबन काढून निकाल लागतो. बटणं नुसती मेलेली असतील तर रिबन काढून काहीच कळत नाही. तिथे त्याच मॉडेलचा चालू कीबोर्ड त्याच खाचेत लावून पाहावा लागतो. आणि रिबन काढूनही अक्षरं येत राहिली तर ओल खाचेपर्यंत किंवा बोर्डपर्यंत पोहोचलीय. तिथेही आधी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने खाच आणि रिबनची टोकं साफ करून, पूर्ण वाळवून, पुन्हा तपासायचं. आयओचं नाव त्यानंतर.

दुकानात जायच्या आधी घरी एक गोष्ट करा. लॅपटॉप सुरू होताना F2 किंवा तुमच्या मॉडेलचं जे बटण असेल ते दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पानावर जा, आतलं बटण चालत नसेल तर बाहेरचा कीबोर्ड लावा. कर्सर तिथेही आपोआप पळत असेल तर विंडोजचा काही संबंध नाही. मग "विंडोज नवीन टाकतो" म्हणून पैसे मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

नऊ हजार देऊनही पुढे काय झालं? पहिला दमट आठवडा आला आणि पुन्हा अक्षरं चुकायला लागली. लॅमिंग्टन रोडला एका जाणत्या माणसाकडे लॅपटॉप उघडला. बोर्डवर खाचेच्या बुडाशी चहाचा तपकिरी डाग तसाच वाळलेला, म्हणजे ७०० रुपयांचा वॉश झालाच नव्हता. चिप बदलली की भोवती फ्लक्सची चकाकी, नवं सोल्डर, काहीतरी खूण राहते. इथे आयओभोवती साचलेली धूळसुद्धा हललेली नव्हती. म्हणजे ५,८०० रुपये न केलेल्या कामाचे.

कीबोर्ड मात्र बदलला होता, पण कुठला? मूळ कीबोर्डवर ४ च्या बटणावर ₹ चं चिन्ह होतं, या "नवीन" कीबोर्डवर ते नव्हतंच. A, S, E ही बटणं वापरून गुळगुळीत झालेली. दुसऱ्या कुठल्यातरी लॅपटॉपमधून काढलेला माल १,९०० ला. आणि बसवलाय कसा? या मॉडेलचा कीबोर्ड सी पॅनेलला, म्हणजे बटणांभोवतीच्या वरच्या झाकणाला, स्क्रूने नाही, प्लास्टिकच्या वितळवलेल्या रिवेटनी जोडलेला असतो. बदलताना त्या सगळ्या तोडून नव्याने वितळवून बसवाव्या लागतात. या पठ्ठ्याने फक्त कडेच्या बसवल्या. मधलं बटण दाबलं की अख्खा पत्रा खाली जायचा. आता नवा कीबोर्ड १,५०० आणि मजुरी ७००, मिळून २,२०० रुपयांत काम झालं. दमट हवेतही नीट चालतंय. ९,००० आणि २,२००. तुम्हीच हिशेब करा.

बॅकअपचे ६०० तर दिवसाढवळ्या लूट. डिस्कला चहाचा थेंब लागला नव्हता. आणि कीबोर्ड बदलणाऱ्याला तुमचा पासवर्ड लागत नाही, कीबोर्ड बायोसमध्ये आणि लॉगिनच्या पानावर तपासता येतो. पासवर्ड देऊ नका.

आता तक्रारीचं ऐका. दुकानदार म्हणतो, "पंधरा दिवसांची वॉरंटी होती, संपली." जुना कीबोर्ड मागितला तर "भंगारात गेला." पोलीस चौकीत पहिला प्रश्न, "पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने दिलेत ना?" मग हा तुमच्या आपसातला व्यवहार आहे, दिवाणी कोर्टात जा. खोटं सांगून, न केलेल्या कामाचे पैसे घेणं ही फसवणूक नाही तर काय? लेखी अर्ज घ्या म्हटलं तर साहेब बंदोबस्ताला. कोणीतरी सायबरकडे पाठवलं, तिथे म्हणे पैसे यूपीआयने गेले तरी व्यवहार दुकानात झाला, आमच्याकडे येत नाही. व्यापाऱ्यांच्या संघटनेत अर्ज दिला, पोच मागितली तर शिक्का मारणारा माणूस जेवायला गेलेला. लॅपटॉप कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने "लिक्विड डॅमेज, बाहेर उघडलेला" एवढं लिहून हात झटकले, बोर्डवर काम झालंय की नाही हे लेखी द्यायलाही तयार नाहीत. सगळ्यांना सगळं कळतं. कागदावर एक ओळ लिहायची म्हटली की सगळे गप्प! आणि हे त्या दुकानदाराला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तो काउंटरवरून तोंडावर सांगतो, "जा कुठे जायचं तिथे."

जायची जागा आहे, ती ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, मुदत दोन वर्षं, अर्ज ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येतो. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. हेल्पलाइन समेट घडवू पाहते, दुकानदाराला हुकूम देऊ शकत नाही, हे माहीत असू द्या. बिल न देणं हीसुद्धा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापार प्रथा आहे. आमच्याकडे "रिपेअर ओके" लिहिलेलं कार्ड होतं आणि यूपीआयची नोंद, तीही दुकानाच्या नाही, कोणाच्या तरी खासगी नावावर. पैसे दुकानाच्या नावावरच टाका, आणि बिलात प्रत्येक काम वेगळं लिहून घ्या.

लॅपटॉप देताना कीबोर्डचा जवळून फोटो काढा, ४ चं बटण दिसेल असा. तळाचा सिरियल नंबरही. काढलेला जुना भाग परत हवा, हे कार्डावर आधीच लिहून घ्या. नंतर मागाल तर तो भंगारातच गेलेला असतो.

सांडल्या सांडल्या करायचं ते वेगळं: चार्जर काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरून बंद करा, उघडा लॅपटॉप तंबूसारखा पालथा ठेवा. हेअर ड्रायर नको, तांदळाचा डबाही नको. "चालतोय का" म्हणून मध्येच सुरू करू नका, ओल्या बोर्डवर वीज गेली की गंज वेगाने चढतो आणि तेव्हा खरोखरच बोर्डचं काम निघतं.

आणि फसवणूक झालीच असेल तर दुसऱ्या दुरुस्तीवाल्याला साफसफाई लगेच करू देऊ नका. आधी उघडलेल्या बोर्डचे फोटो, खाचेचा आणि चिपचा अगदी जवळून. मग त्याच्या लेटरहेडवर दोन ओळी, सही, तारीख: आयओवर काम झालेलं दिसत नाही, कीबोर्ड वापरलेला आहे. ब्रश फिरला की डाग जातो, आणि डाग गेला की आयोगासमोर दाखवायला काही उरत नाही.