‘अल्टरेशन ७ दिवसांत मोफत’ आणि दुकान आठ दिवस बंद

सणाआधी बुटीकवाल्यांच्या पोस्ट येतात ना, खाली कॅप्शनमध्ये तारखा असतात, त्यातल्याच एका कॅप्शनवर भरवसा ठेवून मी फसले. ते कॅप्शन अजून माझ्या फोनमध्ये आहे, कारण नशिबाने स्क्रीनशॉट घेतला होता. त्यात लिहिलं होतं : ‘सणाची शिलाई. शेवटची ऑर्डर १० तारीख. ट्रायल १७ ते १९, दुपारी १२ ते ५, अर्ध्या अर्ध्या तासाचे स्लॉट. अल्टरेशन ७ दिवसांत मोफत. मोजक्याच जागा शिल्लक.’

सण २४ला होता. वाचून वाटलं, व्वा, किती शिस्तीचं काम. त्यात कपडा हातात कधी मिळणार हेच लिहिलेलं नव्हतं, आणि ते माझ्या लक्षातच आलं नाही.

मी ९ तारखेला साडीबरोबरचा ब्लाउजपीस आणि मापाचा ब्लाउज दिला. अस्तराचा, कोपरापर्यंत बाही, मागे खोल गळा. सणाची गर्दी म्हणून शिलाई पूर्ण आगाऊ घेतली. पावतीवर १८ तारीख, दुपारी साडेतीनचा स्लॉट. ११ला बघते तर त्याच पोस्टमध्ये ‘शेवटची ऑर्डर १२’ झालेलं. १३ला पुन्हा उघडली तेव्हा ‘१५’. तेव्हाच शंका यायला हवी होती. शेवटची तारीख ठरते ती कारागिरांच्या हातात किती काम बसतं त्यावरून. ती दोनदा पुढे गेली आणि ट्रायलच्या तारखा मात्र तशाच राहिल्या, म्हणजे मधले दिवस कुणाच्या तरी कपड्यातून कापले जाणार होते. माझ्याही.

१८ला साडेतीनला गेले तर त्याच साडेतीनसाठी अजून सात जणी बसलेल्या. तासाभराने सांगितलं, कारागीर आला नाही, २०ला या. २०ला सांगितलं २२ला, संध्याकाळी. २२ला ब्लाउज समोर आला तो इस्त्री करून, हुक लावून, काजं करून. मी म्हटलं, “ही ट्रायल आहे की डिलिव्हरी?” काउंटरवरची मुलगी हसत म्हणाली, “ताई, फायनलच करून टाकलंय, तुमचा हेलपाटा वाचला.”

आता इथे जरा थांबते, कारण सगळी मेख इथेच आहे. खरी ट्रायल कच्च्या शिलाईवर होते. बाजूच्या शिवणी लांब टाक्यांनी धरलेल्या असतात, बाही नुसती टाचलेली असते, हुकपट्टी बाकी असते. अंगावर चढवून कारागीर टाचण्या लावतो, खडूने खूण करतो, मगच पक्की शिलाई मारतो. हुक-काजासकट तयार कपडा घालून बघायला दिला तर ती ट्रायल नाहीच. त्यानंतर काही सुधारायचं म्हणजे उसवणं आलं, आणि रेशमी कापड उसवलं की जुन्या सुईची भोकं रांगेने दिसतात.

घालून पाहिला. छातीवर हुकांच्या मधे कापड फाकत होतं आणि हात वर केला की सगळा ब्लाउज बरोबर वर येत होता. मापाच्या ब्लाउजशी ताडून बघू म्हटलं तर तो “कारागिराकडे राहिलाय”. म्हणजे काम बाहेर दिलं होतं. मी कुरकुर केली तशी ती म्हणाली, “अल्टरेशन फ्री आहे ना, काळजी कशाला?” आणि रजिस्टर पुढे सरकवलं. मागे रांग, बाहेर अंधार पडलेला. मी सही केली. त्या सहीचा अर्थ ‘ट्रायल ओके, कपडा मिळाला’ असा धरतात, ते घरी आल्यावर पावतीच्या मागच्या बाजूला वाचलं.

घरी ब्लाउज उलटा केला. टेपने मोजला तर ३६ऐवजी साडेचौतीस भरला. दीड इंच सैल करायचा तर शिवणीत माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, हवी. चांगला कारागीर बाजूच्या शिवणीत प्रत्येक पदराला इंचभर माया सोडतो. त्यातली पाव इंच तशीच ठेवावी लागते, पण उरलेली पाऊण इंच उसवून घेता येते. दोन बाजू, प्रत्येकी दोन पदर, म्हणजे एकूण तीन इंचांची सोय. माझ्या ब्लाउजमध्ये शिवणीबाहेर जेमतेम पाव इंच कापड होतं, तेही ओव्हरलॉक मारून कापलेलं. सैल करणार कुठून? ज्याला माया नाही त्याचं अल्टरेशन मोफत देऊन कुणाचं काय जातं!

२३ला सकाळी गेले तर शटरवर कागद : ‘सणानिमित्त २३ ते ३० बंद’. ३१ला उघडल्यावर म्हणाले, सात दिवस सहीपासून धरतात, ते २९ला संपले. आता अल्टरेशनचे पैसे पडतील. स्क्रीनशॉट दाखवला तर, “त्यात कपडा मिळाल्यापासून असंच धरायचं असतं.” मग उरलेलं कापड मागितलं. चिंधीसुद्धा शिल्लक नाही म्हणे. मापाचा ब्लाउज मात्र मिळाला, त्याला दुसऱ्याच कुणाच्या नंबरची चिठ्ठी टाचलेली होती. माझ्या ब्लाउजचं माप कुठून आलं असेल ते मला तेव्हा कळलं.

शेवटी शिवणकाम करणाऱ्या एका ओळखीच्या काकूंकडे गेले. त्यांनी आधी आतली बाजूच पाहिली, बाहेरचा गळा-बिळा नंतर. म्हणाल्या, “घेर बाजूला तुकडा जोडून वाढवता येईल, पण मुंढा, बाही लागते ती जागा, खाली कापलाय गं. लहान मुंढा कापून मोठा होतो, मोठा कापलेला लहान कसा करू?” बगलेत तुकडा जोडणं एवढाच मार्ग होता, आणि त्याच कापडाचा तुकडा नव्हता. ब्लाउजपीस साडीतूनच कापलेला असतो, दुसरा मिळत नाही. मग त्यांनी दोन्ही बाह्या खालून दोन-दोन इंच कमी केल्या आणि त्या पट्ट्यांतून बगलेपासून कमरेपर्यंत कळी घातली. हात आता वर जातो. बाही कोपराच्या वर आली आणि काठाची रेघ गेली, ती गेलीच.

काकूंकडे माझी वही घेऊन बसले आणि पुढच्या वेळी पैसे देण्याआधी काय विचारायचं ते लिहून घेतलं. ट्रायलला बाही टाचलेली असेल की पक्की? बाजूला माया किती सोडणार? सात दिवस कधीपासून, आणि त्यातले किती दिवस दुकान उघडं? उरलेलं कापड परत देणार का? ‘कपडा हातात’ ही तारीख पावतीवर लिहून देणार का? काकू म्हणाल्या, पहिला प्रश्न विचारलास की बाकीचे विचारायची वेळ बहुतेकदा येणारच नाही, समोरचा चेहराच सांगेल.

परवा त्या बुटीकची नवी पोस्ट आली. मी खाली एवढंच विचारलं, ‘ट्रायल कच्च्या शिलाईवर असते का?’ उत्तर आलं, ‘डीएम करा ताई’, आणि दहा मिनिटांत माझा प्रश्न गायब. त्याचाही स्क्रीनशॉट आहे.