टेराकोटा म्हणून विकलेली रंगवलेली कुंडी आणि ते "दर दोन दिवसांनी एक ग्लास"

प्रदर्शनातून किंवा इन्स्टावरून महागड्या कुंड्या घेणाऱ्यांनी हे वाचा प्लीज, जरा लांब झालंय पण माझे चोवीसशे रुपये आणि एक चांगलं झाड गेलंय, तुमचं जाऊ नये म्हणून लिहितेय.

मार्चमध्ये पुण्यात एका गार्डन प्रदर्शनात एका स्टॉलवर (नाव मुद्दाम घेत नाहीये) तीन कुंड्यांचा सेट होता. तिन्हीत पीस लिली, तिन्ही ८ इंची, माती पण सेम, म्हणजे कोकोपीट जास्त, थोडी लाल माती आणि गांडूळखत. एक प्लास्टिकची, एक निळी चकचकीत सिरॅमिकची आणि एक "नॅचरल ब्रीदिंग टेराकोटा". बिलावर पण तेच शब्द, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला आलं. सोबत छान लॅमिनेट केलेलं कार्ड, त्यावर तिन्हींसाठी एकच सूचना: दर दोन दिवसांनी एक ग्लास पाणी. मी विचारलं पण, अहो कुंड्या वेगळ्या आहेत तर पाणी सारखं कसं? तर तो मुलगा म्हणाला मॅडम झाड तर एकच आहे ना, झाडाला काय माहीत कुंडी कशाची.

आता इथेच खरी गोम आहे. झाडाला माहीत नसतं पण मातीतल्या पाण्याला बरोबर माहीत असतं. प्लास्टिकच्या कुंडीतून पाणी जायला रस्ते तीनच, वरच्या मातीतून वाफ होऊन, पानांतून, आणि जास्त झालं तर खालच्या भोकातून. खऱ्या टेराकोटाला चौथा रस्ता असतो, आख्खी भिंत. भाजलेली पण ग्लेझ न केलेली माती सच्छिद्र असते, ती आतलं पाणी ओढून बाहेर आणते आणि बाहेरून ते वाऱ्यावर उडून जातं, आपला माठ पाझरतो तसंच. म्हणून उन्हाळ्यात खऱ्या मातीच्या कुंडीला दुपारी हात लावला की गार लागते. आणि सिरॅमिक? तीही मातीचीच, पण वर ग्लेझ म्हणजे भट्टीत वितळून बसलेला काचेचा थर. काचेतून पाणी जात नाही. म्हणजे पाण्याच्या हिशोबात सिरॅमिक ही प्लास्टिकचीच बहीण, फक्त जड आणि महाग. काही सिरॅमिक कुंड्या आतून कोऱ्या असतात, तिथे भिंत थोडं पाणी पिते खरी, पण बाहेरून काच असल्यामुळे ते पाणी आतच अडकतं.

तर पहिला बळी सिरॅमिकमधल्या झाडाचा गेला. त्या कुंडीला खाली भोकच नव्हतं. स्टॉलवाला म्हणे ही प्रीमियम डिझाइन आहे, तळाला खडे भरलेत, जास्तीचं पाणी खड्यांत उतरतं. हे साफ खोटं आहे आणि अजून कित्येक ठिकाणी हेच सांगून कुंड्या विकतात. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खड्यांत सहजासहजी उतरत नाही, ते मातीच्या तळाशी धरून राहतं, आणि तिथे पूर्ण भिजलं की मगच खाली ठिबकतं. म्हणजे खडे टाकून झालं काय, तर ओला चिखल वर सरकला, मुळांच्या अजून जवळ. आणि जे पाणी खड्यांत गेलं त्याला बाहेर जायला वाटच नाही, ते तिथेच साचून आंबणार.

पंधरवड्यात खालची पानं पिवळी, आणि झाडाने मान टाकली. पीस लिलीचा हा घोळ नीट समजून घ्या, कारण पुढची फसवणूक याच्यावरच चालते. ही पाणी कमी पडलं तरी मान टाकते आणि मुळं कुजली तरी मान टाकते, कारण कुजलेलं मूळ पाणी ओढूच शकत नाही. लांबून दोन्ही सेम दिसतं. मी स्टॉलवाल्याला फोटो पाठवला तर लगेच रिप्लाय, "पाणी कमी पडतंय मॅडम, एक ग्लास वाढवा, आणि आमचं रूट बूस्टर घ्या ३५० ला." फरक ओळखायचा तर कुंडी उचलून बघायची. तहानलेली कुंडी हलकी लागते आणि पाणी दिल्यावर दोन-चार तासांत झाड परत ताठ उभं राहतं. कुजलेल्याची कुंडी जड असते आणि पाणी दिलं तरी झाड उठत नाही. माझी तर उचलताना मनगट दुखलं इतकी जड. झाड बाहेर काढलं तर नाल्यासारखा वास, मुळं तपकिरी, ओढली की वरची साल सुटून हातात येत होती आणि आत नुसता दोरा उरत होता. पांढरं टणक मूळ एकही नव्हतं.

बूस्टर घेतलं नाही हे नशीब.

मग टेराकोटाची गंमत. सिरॅमिकची तक्रार केली तेव्हा तोच म्हणाला की बरोबर आहे, टेराकोटाला मात्र रोज घाला, ती पाणी पिते. माहिती म्हणून हे खोटं नाही, आमच्या एप्रिलच्या कोरड्या हवेत गॅलरीतल्या छोट्या मातीच्या कुंडीला रोज नाहीतर एक दिवसाआड पाणी लागतंच. मी रोज घालत गेले, तर हळूहळू मातीवर पांढरी बुरशी, बारीक काळी चिलटं, आणि या झाडाची पण पानं पिवळी. शेजारी प्लास्टिकमधलं झाड मात्र मजेत, कारण ते मी कार्ड न बघता वरची माती सुकल्यावरच भिजवत होते.

आमच्या सोसायटीत बागकामाला येणारे काका आहेत, त्यांनी कुंडी नुसती बघितली आणि म्हणाले, ताई ही घाम का गाळत नाही? पाणी घातल्यावर मातीच्या कुंडीची भिंत काही वेळाने गडद पडते, आणि आमच्याकडे बोअरचं जड पाणी आहे त्यामुळे महिन्याभरात बाहेरून पांढरे क्षार पण दिसायला लागतात. (लोक त्याला बुरशी समजून घासत बसतात, पण ते क्षार आहेत, भिंत काम करतेय याची ती पावती.) या कुंडीवर काहीच नव्हतं, पहिल्या दिवसासारखी एकसारखी लाल. काकांनी नाण्याने कड खरवडली. लाल रंगाचा पापुद्रा निघाला, खाली फिकट माती. आतून खरवडलं तर काळा वॉटरप्रूफिंगचा थर! म्हणजे मातीची कुंडी होती, पण आतून सील केलेली आणि बाहेरून लाल रंग आणि वार्निश मारलेली. श्वास घेणारी म्हणून नऊशे रुपये लावले आणि नाकतोंड दोन्ही बंद करून दिली.

मला पक्का पुरावा हवा होता म्हणून कुंभारवाड्यातून त्याच मापाची साधी मातीची कुंडी आणली, दीडशे रुपयांना. लावायच्या आधी ती रात्रभर बादलीत भिजवली, हे कराच, नाहीतर कोरडी भिंत पहिलंच पाणी मातीतून शोषून घेते. त्यात तसंच मिश्रण भरून त्याच मापाची पीस लिली लावली. मग तिन्ही कुंड्या, खरी माती, रंगवलेली आणि प्लास्टिक, गॅलरीत एकाच सावलीत ठेवून सगळ्यांना भरपूर पाणी घातलं, निथळू दिलं, आणि तीन-चार दिवस रोज सकाळी बॅग मोजायच्या काट्याला पिशवीत अडकवून वजन केलं. प्लास्टिकचं वजन दिवसाला साधारण १५० ग्रॅमने उतरत होतं, रंगवलेलीचंही तेवढंच, दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे. खऱ्या मातीचं पहिल्या दिवशी जवळजवळ ३०० ग्रॅमने उतरलं, मग माती सुकेल तसं थोडं कमी.

याचा हिशोब असा. ८ इंची कुंडीतल्या अशा मिश्रणात झाडाला आरामात वापरता येईल असं पाणी साधारण ६०० ग्रॅम धरा. दिवसाला १५० गेलं तर चार दिवसांनी पाणी घालायची वेळ येते, ३०० गेलं तर दोनच दिवसांत. म्हणजे कार्डावरचं दोन दिवसांचं अंतर एप्रिलमधल्या खऱ्या टेराकोटापुरतं बरोबर होतं, आणि खरी टेराकोटा त्या सेटमध्ये नव्हतीच! उरलेल्या दोघींना, म्हणजे प्लास्टिक आणि भोक असलेल्या सिरॅमिकला, तेच पाणी दुप्पट वेळा पडणार. भोक नसलेल्या सिरॅमिकचं तर विचारूच नका.

हे आकडे माझ्या गॅलरीचे, एप्रिलचे, ते कुठेही चिकटवू नका. जुलैत हवाच ओली असते, भिंतीतून वाफ फारशी होत नाही, तेव्हा मातीची आणि प्लास्टिकची कुंडी बरीच जवळ येतात, कोकणात किंवा गोव्यात तर अजूनच. कुंडी मोठी असली, १४-१६ इंची, तरी फरक कमी होतो कारण आत माती खूप आणि त्या मानाने भिंत कमी. आणि बोट घालून बघताना एक लक्षात घ्या, मातीच्या कुंडीत कडेची माती आधी सुकते, मध्ये ओल असते, म्हणून बोट मधोमध घाला. प्लास्टिक आणि सिरॅमिकमध्ये उलटा प्रकार, वर कोरडं आणि तळाला गच्च, तिथे बोटावर भरवसा न ठेवता उचलून वजनाचा अंदाज घ्या.

घ्यायच्या आधी दुकानातच करायची टेस्ट सोपी आहे. बाटलीतलं पाणी बोटाने कुंडीच्या बाहेरच्या आणि आतल्या, दोन्ही भिंतींवर लावा. खरी माती थोड्याच सेकंदांत ते पिऊन टाकते आणि तिथे गडद डाग पडतो. रंग, वार्निश किंवा प्लास्टिक असेल तर थेंब तसाच राहतो किंवा ओघळून जातो. आतून नक्की करा, माझी कुंडी आतूनच काळी होती आणि झाड लावून विकल्यामुळे ते दिसतच नव्हतं. झाड लावलेली असेल तर कडेची थोडी माती बाजूला करून बघा, विकणाऱ्याने तोंड वाकडं केलं तरी.

स्टॉलवाल्याला खरवडलेल्याचा व्हिडिओ पाठवला तर म्हणतो ते मॉइश्चर लॉक कोटिंग आहे, एक्स्ट्रा फीचर आहे. मग तो ब्रीदिंग कशाला म्हणतोस रे बाबा? पैसे परत नाही म्हणाला, मग मी बिलाचा फोटो टाकून सांगितलं की १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करतेय, तेव्हा टेराकोटाचे नऊशे परत आले, बाकीचे नाही. बिलावर "नॅचरल ब्रीदिंग टेराकोटा" छापलं नसतं तर तेही गेले असते, त्यामुळे कशाची कुंडी आहे ते बिलावर लिहून घ्याच.

निळ्या सिरॅमिकला टाइल कापायचं डायमंड बिट लावून, पाणी सोडत सोडत, ड्रिलचा हॅमर मोड बंद ठेवून हळूहळू भोक पाडता येतं, पण तडा जायची रिस्क आहे म्हणून मी पाडलं नाही. आता तिच्यात प्लास्टिकची छोटी कुंडी नुसती बसवलीय, पाणी घालायला ती बाहेर काढते, बेसिनमध्ये निथळू देते आणि परत ठेवते. रंगवलेली पण वापरात आहे, तिला भोक आहे ना, तिला प्लास्टिक समजून चार दिवसांनी पाणी.