तिथी, जुनी इंग्रजी तारीख की ग्रेगोरियन? मराठेशाहीचे कागद इंग्रजीत नेताना

मराठेशाहीतला कागद इंग्रजीत न्यायचा तर तिथीचे काय करायचे, हे पहिल्या पानाआधीच ठरवावे लागते. तिथी तशीच ठेवता येते, ज्युलियन म्हणजे जुन्या इंग्रजी पद्धतीची तारीख देता येते किंवा आजची ग्रेगोरियन तारीख देता येते. तिन्ही पद्धती बरोबर आहेत, पण प्रत्येकीत वेगळे काही हातचे जाते. शिवराज्याभिषेकाच्या नोंदीवर तिन्ही लावून पाहू.

जेधे शकावलीत शके १५९६, आनंद संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध १२ शुक्रवार असा दिवस दिला आहे. पुढे घटी २१, पळे ३४ हा आकडा आहे आणि तीन घटिका रात्र उरली तेव्हा राजे सिंहासनी बसले असे म्हटले आहे. घटी-पळे म्हणजे सूर्योदयानंतर द्वादशी कधी संपली ती वेळ. एक घटिका २४ मिनिटांची, तेव्हा दुपारीच त्रयोदशी लागली होती. म्हणून याच प्रसंगाची तिथी त्रयोदशी सांगितली जाते, आणि दोन्ही नोंदींत विरोध नाही. आपला वार सूर्योदयाला बदलतो. तीन घटिका रात्र उरली म्हणजे उजाडायला सव्वा तासाच्या आसपास अवकाश होता, म्हणून वार शुक्रवारच. इंग्रजी हिशेबात मात्र मध्यरात्र उलटून शनिवार लागला होता. तो शनिवार ज्युलियन ६ जून १६७४ आणि ग्रेगोरियन १६ जून १६७४. शुक्रवार वाचून ५ जून लिहिले, तर गणित चुकत नाही, पण प्रसंगाची तारीख चुकते.

नुसती तिथी ठेवली, तर ही सगळी माहिती वाचकाच्या हाती राहते. पण इंग्रजी वाचकाला ज्येष्ठ उन्हाळ्यात की हिवाळ्यात हेही कळत नाही, आणि दुसऱ्या साधनाशी ताडून पाहण्याचा मार्ग बंद होतो.

ज्युलियन तारखेचा मोठा फायदा म्हणजे ती इंग्रजांच्या कागदांशी थेट जुळते. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्सिंडेन तेव्हा रायगडावर होता आणि त्याच्या रोजनिशीतही ६ जूनच आहे. इंग्लंडने ग्रेगोरियन पंचांग १७५२ मध्ये स्वीकारले. त्याआधी तिथे वर्षही २५ मार्चला बदलत असे, म्हणून जानेवारी ते मार्चच्या तारखांकडे नीट पाहावे लागते. संभाजी महाराजांचा मृत्यू फाल्गुन अमावास्या, शके १६१० चा, म्हणजे ११ मार्च १६८९. समकालीन इंग्रजी पत्रात त्या दिवसाला १६८८ किंवा १६८८/८९ लिहिलेले सापडेल. आपल्या बाजूनेही शकात सरसकट ७८ मिळवले तर १६८८ येते. पौष ते फाल्गुनात, १ जानेवारी उलटून गेली असेल तेव्हा, ७९ मिळवायला हवेत.

गोव्याच्या पोर्तुगीज कागदांशी ताळा घ्यायचा असेल तर ग्रेगोरियन सोयीची, कारण पोर्तुगालने ती १५८२ मध्येच घेतली. सतराव्या शतकात दोन्हींत १० दिवसांचे अंतर पडते. ऋतूचा अंदाजही ग्रेगोरियनवरूनच नीट येतो: १६ जून म्हटले की रायगडावरचा पावसाळा डोळ्यांपुढे येतो. पण रूढ इतिहासग्रंथांत शिवकालाच्या तारखा ज्युलियन असतात, तेव्हा न सांगता ग्रेगोरियन वापरणारा अनुवाद प्रत्येक तारखेला चुकीचा वाटतो.

माझा कौल असा: मजकुरात तिथी आणि वार जसेच्या तसे, लगेच चौकटी कंसात ज्युलियन तारीख, आणि १७५२ नंतरच्या कागदांना ग्रेगोरियन. कुठली पद्धत कुठपर्यंत, ते प्रस्तावनेत एकदा स्पष्ट लिहावे. पोर्तुगीज साधनांवरच उभे असलेले काम मात्र सरळ ग्रेगोरियनमध्ये करावे. जंत्री वापरा किंवा संगणक, आलेल्या तारखेचा वार मूळ वाराशी जुळतो का ते पाहाच. एका दिवसाचा फरक सूर्योदयाने किंवा तिथीच्या सुरुवातीने समजावता येतो. त्याहून जास्त पडला तर अधिक महिना तपासा. कागद उत्तरेकडचा असेल तर पक्षही तपासा: आग्र्याहून सुटकेची आपली श्रावण वद्य द्वादशी तिकडच्या पौर्णिमान्त गणनेत भाद्रपदात पडते.

सणांवरून दिलेल्या काळाला मी वेगळा नियम लावतो. कागदात ‘दसऱ्यास’ असेल तर अनुवादातही दसराच राहावा, आणि वर्ष पक्के असेल तर कंसात आश्विन शुद्ध दशमीची तारीख द्यावी. ‘शिमग्यानंतर’ला तारीख देऊच नये. कोकणात शिमगा कित्येक दिवस चालतो, आणि लिहिणाऱ्यालाही नेमका दिवस सांगायचा नव्हता. संक्रांतीच्या बाबतीत धोका सर्वांत मोठा, कारण ती सौर असल्याने आपण आजची १४ जानेवारी बिनदिक्कत मागे नेतो. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, म्हणून ती संक्रांतीला झाली असे सर्रास लिहिले जाते. त्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी, बुधवार होता. संक्रांत त्या वर्षी १० जानेवारीच्या सुमारासच होऊन गेली होती. त्या काळच्या पत्रात ‘संक्रांतीस’ असेल तर त्या वर्षाची संक्रांत काढूनच तारीख लिहावी.