चरित्राच्या प्रकल्पात संदर्भ कुठे द्यावेत: शेवटी यादी, कंसात की तळटिपेत?

ऐतिहासिक व्यक्तीवर प्रकल्प करताना संदर्भ द्यायचे हे विद्यार्थ्यांना माहीत असतं. अडतं ते कुठे आणि कसे द्यायचे इथे. शेवटच्या पानावर संदर्भसूची, वाक्यापुढे कंसात लेखक-वर्ष-पान, किंवा पानाच्या तळाशी टीप, असे तीन मार्ग आहेत. मी बरीच वर्षं असे प्रकल्प तपासतो. तिन्ही प्रकार हाताळून झाल्यावर माझ्या वर्गासाठी मी तळटीप निवडली. प्रत्येकाला ती पटेलच असं नाही, पण कारण सांगतो.

आयझॅक न्यूटनच्या जन्मतारखेचंच बघा. एका वहीत २५ डिसेंबर १६४२, दुसऱ्या वहीत ४ जानेवारी १६४३, आणि दोन्ही वह्यांच्या शेवटी जवळपास तीच चार पुस्तकं आणि तीच दोन संकेतस्थळं. तारखा दोन्ही बरोबर आहेत. त्या वेळी इंग्लंडमध्ये ज्युलियन दिनदर्शिका होती आणि ती ग्रेगोरियनपेक्षा दहा दिवस मागे होती. पण मुलाला हे ठाऊक होतं, की त्याने नुसती तारीख उतरवली होती? कुठल्या पुस्तकातून? सूचीवरून यातलं काहीच कळत नाही. चारशे पानांचं चरित्र उघडून तारीख शोधत बसायचं, आणि ती तिथे नसली तर पुढचं पुस्तक. सूची माझ्या मनातून उतरली ती याच त्रासामुळे. पुस्तकं वाचली असावीत एवढं ती सांगते. कुठलं विधान कशावर उभं आहे, ते सांगत नाही.

कंसातली पद्धत यापेक्षा पुष्कळ बरी. पान क्रमांक दिला असेल तर पडताळणी मिनिटात होते. प्रकल्प तक्त्यावर असेल, तळाला जागाच नसेल, तर मीही कंसच सुचवेन. तिची अडचण एकच: कंसात नाव, वर्ष आणि पान मावतं, खुलासा मावत नाही. न्यूटनच्या मृत्यूचं वर्ष कुठे १७२६ दिसतं, कुठे १७२७. तेव्हा इंग्लंडमध्ये अधिकृत नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं आणि न्यूटन वारला २० मार्चला, म्हणून जुन्या हिशेबाने वर्ष १७२६च राहतं. नव्या गणनेत तीच तारीख ३१ मार्च १७२७ होते. फरक इथे अकरा दिवसांचा, कारण ज्युलियन दिनदर्शिकेत १७०० हे लीप वर्ष होतं आणि ग्रेगोरियनमध्ये नव्हतं. एवढं सगळं कंसात घातलं तर वाक्य वाचवत नाही.

तळटिपेत ते सहज बसतं. जन्मतारखेवर छोटा १ टाकायचा आणि खाली लिहायचं:

१. जुन्या दिनगणनेनुसार. नव्या गणनेनुसार ४ जानेवारी १६४३. दोन्ही तारखा: ब्रिटानिका विश्वकोश, ऑनलाइन आवृत्ती, न्यूटनवरील लेखाची सुरुवात, पाहिल्याची तारीख अमुक.

शिक्षकाची नजर वरून खाली जाते आणि काम होतं. छापील पुस्तक असेल तर लेखक, आवृत्तीचं वर्ष आणि पान लिहायचं. आवृत्ती वगळू नका, कारण नव्या आवृत्तीत पानं सरकतात. विकिपीडियाचा लेख वापरलात, तर लेखाच्या इतिहासात जाऊन तुम्ही वाचलेल्या आवृत्तीचा दुवा घ्या. त्या पत्त्यात oldid= असं दिसतं. साध्या दुव्यावर शिक्षक गेले, तर मधल्या काळात बदललेला मजकूर त्यांच्यासमोर येऊ शकतो.

तळटिपेचा आणखी एक उपयोग मला फार मोलाचा वाटतो: माहिती मुळात कोणी सांगितली, हे तिच्यात लिहिता येतं. सफरचंदाची गोष्ट विल्यम स्टुकलीने लिहून ठेवली. १७२६ साली म्हाताऱ्या न्यूटनने ती त्याला बोलता बोलता सांगितली आणि स्टुकलीच्या आठवणींचं हस्तलिखित १७५२चं आहे. त्यात सफरचंद पडल्याचं आहे, डोक्यावर पडल्याचं नाही. टीप लिहायला बसलेला विद्यार्थी ‘डोक्यावर’ या शब्दाला आधार शोधतो आणि तो सापडला नाही की स्वतःच तो शब्द खोडतो. सूची करताना असं होताना मी क्वचितच पाहिलं आहे.

तळटिपेला कष्ट आहेत, हे मान्य. हाताने लिहायचं तर प्रत्येक पानाच्या तळाशी चार-पाच ओळी आधीच मोकळ्या सोडाव्या लागतात, नाहीतर टिपा समासात चढतात. वर्डमध्ये किंवा गूगल डॉक्समध्ये Ctrl + Alt + F दाबलं की क्रमांक आपोआप येतो आणि मधे नवी टीप घातली तरी पुढचे क्रमांक बदलतात. प्रत्येक वाक्याला टीप मात्र नको. न्यूटन शास्त्रज्ञ होता याला पुरावा कोणी मागत नाही. तारखा, ठिकाणं, नातीगोती, पदं आणि त्याच्या तोंडची वाक्यं, एवढ्यांना टीप द्या. शाळेने सूची सक्तीची केली असेल तर तीही शेवटी जोडा. टिपा तयार असल्या की ती त्यांच्यातूनच उतरवता येते. नुसत्या सूचीवरून टिपा करायच्या तर सगळी पुस्तकं पुन्हा उघडावी लागतात.