संमतीच्या रकान्यात सगळीकडे YES : ऐरोलीतल्या आमच्या धंद्यात झालेली फसवणूक

मी आणि माझ्या जाऊबाई ऐरोलीत खण आणि इरकलची ब्लाऊज शिवून विकतो. गिऱ्हाईक बहुतेक इन्स्टाग्रामवरचं. रील टाकली की खाली "पीपी", "किंमत?", "ठाण्यात मिळेल का?" अशा कमेंट्स येतात, आणि मशीनवर बसलेल्या बाईला प्रत्येकीला उत्तर देणं जमत नाही. वाशीत ऑफिस असलेल्या एका माणसाने नेमकी हीच अडचण हेरली. कमेंट किंवा डीएम आला की नाव, नंबर आणि चौकशी आपोआप गुगल शीटमध्ये जाईल, शिवाय गिऱ्हाइकाची संमतीही तारखेसकट नोंदवली जाईल, असं तो म्हणाला. नवीन डेटा कायद्याचं नावही त्याने तीन-चारदा घेतलं. सुरुवातीला 18,000 रुपये आणि पुढे दर लीडमागे, म्हणजे शीटमध्ये आलेल्या दर नावामागे, 12 रुपये ठरले.

या 12 रुपयांवरच सगळा खेळ होता. लीड जितक्या जास्त, तितकं त्याचं बिल मोठं. त्यामुळे चौकशीला आलेली बाई आणि नुसता बदाम टाकून गेलेली बाई यांत फरक करण्यात त्याला काडीचाही रस नव्हता.

शीट भराभर भरू लागली. प्रत्येक ओळीत युजरनेम, नाव, मोबाइल नंबर, पुढे संमती YES आणि तिची वेळ. मग त्याने "सणाची ऑफर" म्हणून या सगळ्या नंबरांना आमच्या व्हॉट्सॲपवरून मेसेज पाठवले. दुसऱ्याच दिवशी घोडबंदर रोडवरून एका बाईंचा फोन आला, चांगल्याच तापल्या होत्या. "अहो ताई, मी तुमच्या रीलखाली फक्त नणंदेला टॅग केलं होतं. माझा नंबर तुम्हाला दिला कोणी?"

मी फोनवर असताना जाऊबाईंनी त्यांची ओळ शोधली आणि शेवटच्या रकान्यात "फोन आला, नाराज" असं टाइप केलं. एंटर दाबल्याबरोबर संमतीच्या रकान्यातली वेळ बदलली. आत्ताची झाली. म्हणजे बाई फोनवर आम्हाला झापत होत्या आणि शीट म्हणत होती की त्यांनी याच मिनिटाला परवानगी दिली! वर पाहिलं तर सगळ्या ओळींत तीच वेळ. जाऊबाईंनी YES वर क्लिक केलं, मग शेजारच्या वेळेवर. वरच्या पट्टीत हे दिसलं:

```
=IF(B14<>"","YES","")
=NOW()
```

पहिल्याचा अर्थ इतकाच की B रकान्यात युजरनेम असेल तर YES लिही. कोणाला काही विचारलेलंच नाही. दुसरं सूत्र नोंद ठेवत नाही, घड्याळ दाखवतं, आणि शीटमध्ये कुठेही बदल केला की पुढे सरकतं. खरी नोंद असेल तर त्या चौकटीत सूत्र नसतं, एकदा लिहिलेली तारीख-वेळ असते आणि ती हलत नाही.

नंबरांचा उलगडा नंतर इन्स्टाग्रामचं हेच काम रीतसर करणाऱ्या ओळखीच्या मुलाने केला. इन्स्टाग्रामच्या अधिकृत जोडणीतून कमेंट करणाऱ्याचं युजरनेम आणि मजकूर मिळतो, मोबाइल नंबर मिळत नाही. बाईने स्वतः डीएममध्ये टाइप केला तरच तो आपल्याकडे येतो. मग फक्त टॅग करणाऱ्या बाईचा नंबर आला कुठून? बाहेरच्या कुठल्यातरी यादीतून नाव जुळवून चिकटवला असणार, असं त्याचं म्हणणं. तीन-चार नंबर लावून पाहिले, त्यातला एक तर भलत्याच गृहस्थांना लागला.

त्या मुलाने आणखी एक गोष्ट सांगितली. या माणसाने "बॉटला लागतो" म्हणून आमचा इन्स्टाग्रामचा पासवर्ड घेतला होता. अधिकृत पद्धतीत पासवर्ड कोणाला सांगावा लागत नाही. आपलं खातं बिझनेस किंवा क्रिएटर प्रकारचं करायचं, आपल्याच फोनवर लॉगिन करून परवानगीच्या पानावर होकार द्यायचा, आणि नको झालं की सेटिंगमधून ती काढून घ्यायची. पासवर्ड मागणारा माणूस आपल्या खात्यात शिरून बसतो. सगळे डीएम तो वाचू शकतो.

आम्ही जाब विचारला तेव्हा "मॅडम, इंडस्ट्रीत सगळे असंच करतात" असं म्हणाला. संध्याकाळपर्यंत शीट उघडेना. ती त्याच्या गुगल खात्यावर होती, आम्हाला नुसती शेअर केलेली. जाऊबाईंनी दुपारीच Make a copy करून ठेवली होती म्हणून सूत्रांसकट पुरावा हातात राहिला. तोवर लोकांनी स्पॅम म्हणून रिपोर्ट केल्यामुळे आमचा व्हॉट्सॲप नंबर बंद पडला होता. जुन्या गिऱ्हाइकांच्या मापांचे फोटो त्याच नंबरवर यायचे, ते दुखणं पैशांपेक्षा मोठं.

कायद्याच्या बाजूनेही आपलीच मान अडकते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती म्हणजे माणसाने समजून-उमजून, स्पष्ट कृतीने दिलेला होकार, आणि वाद झाला तर तो घेतल्याचं सिद्ध करायची जबाबदारी धंदेवाल्याची. काम बाहेरच्या माणसाला दिलं होतं, ही सबब चालत नाही. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. किंमत विचारणाऱ्या बाईला किंमत कळवण्यात काही गैर नाही. तिच्या नंबरवर पुढे ऑफर पाठवायच्या असतील तर ते वेगळं काम, आणि त्याला वेगळा होकार.

आता त्या मुलाने बसवून दिलेली व्यवस्था अशी आहे. रीलखाली कोणी "किंमत" लिहिलं की तिला एक खाजगी उत्तर जातं. एका कमेंटला असं एकच उत्तर पाठवता येतं, तेही सात दिवसांच्या आत. त्यात आधी किंमत असते आणि मग प्रश्न: "नवीन डिझाइन आल्यावर व्हॉट्सॲपवर कळवू का? कधीही थांबवता येईल." खाली "हो, कळवा" आणि "नको" अशी दोन बटणं. तिने उत्तर दिलं की पुढचे 24 तास बॉट बोलू शकतो. "हो" दाबलं तरच नंबर विचारला जातो. काहीच उत्तर आलं नाही तर ग्राहकांच्या शीटमध्ये ओळच तयार होत नाही.

ओळीत नुसतं YES नसतं. विचारलेलं वाक्य जसंच्या तसं, दाबलेलं बटण, मेसेजचा आयडी आणि न हलणारी वेळ असते. उद्या आम्ही प्रश्नाचे शब्द बदलले, तरी आधीच्या बाईने कशाला होकार दिला होता ते कळतं. "थांबवा" असं कळवलं की वेगळ्या रकान्यात तारीख पडते आणि पाठवायच्या यादीतून नंबर वगळला जातो. लीड आता पूर्वीच्या मानाने फारच थोड्या दिसतात, पण फोन केला की समोरची बाई ओळखते.

पासवर्ड बदलला, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट केलं, cybercrime.gov.in वर तक्रार टाकली. पैसे अजून आलेले नाहीत. तुमच्याकडे असा कोणी आलाच, तर पहिला हप्ता देण्याआधी शीट तुमच्या गुगल खात्यावर बनवायला सांगा. मग घरातल्या कुणाच्या अकाउंटवरून दोन कमेंट करायला लावा: एक नुसती टॅग करणारी, दुसरी किंमत विचारून "नको" दाबणारी. दोन्हींपुढे काय पडतं ते बघा आणि त्या चौकटींवर क्लिक करून वरची पट्टी वाचा.